कॅल्क्युलेटर म्हणतो धोका कमी, पण त्याने आपल्याला विचारले काय?

यंदा जयंतीनिमित्त आमच्या बुद्धविहारात आरोग्य शिबिर झाले. पहिल्या रविवारी बीपी पाहिले, उपाशीपोटी रक्त घेतले आणि दुसऱ्या रविवारी रिपोर्ट समजावून सांगायला एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी मोबाईलवर एक कॅल्क्युलेटर उघडला होता. वय, बीपी आणि कोलेस्टेरॉल भरायचे, दोन-चार प्रश्नांना हो किंवा नाही म्हणायचे, की खाली आकडा येतो. पुढच्या 10 वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होण्याची शक्यता किती, ते तो टक्क्यांत सांगतो.

वस्तीतल्या एका दादांचा आकडा 3.4 टक्के आला. दादा 44 वर्षांचे आहेत, टेम्पो चालवतात. डॉक्टर म्हणाले, "पाच टक्क्यांच्या आत आहात, काळजीचे कारण नाही." दादा खूश होऊन उठले. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या वहिनी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या आम्हाला म्हणाल्या, "त्यांनी सिगारेट-बिडीचं विचारलं. हे ओढत नाहीत, पण दिवसभर तंबाखू-चुना तोंडात असतो. त्याचं तर कुणी विचारलंच नाही. आणि मामंजी एकोणपन्नासाव्या वर्षी अटॅकनं गेले, तेही नाही विचारलं."

वहिनींचा हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरांनी चूक केली असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी कॅल्क्युलेटरने विचारले तेच विचारले. आमचे म्हणणे कॅल्क्युलेटरबद्दल आहे, आणि त्याचा कमी आकडा म्हणजे निर्दोष असल्याचा दाखला समजण्याच्या सवयीबद्दल आहे.

हा आकडा येतो कुठून?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचे गाव आहे. 1948 साली तिथल्या 5,209 स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली. त्यांचे बीपी, कोलेस्टेरॉल, वजन आणि सवयी लिहून ठेवल्या आणि पुढे कोणाला हृदयविकार होतो ते वर्षानुवर्षे पाहिले. बीपी, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ही हृदयविकाराची मोठी कारणे आहेत, हे जगाला समजण्यात या अभ्यासाचा फार मोठा वाटा आहे. त्यावरूनच असे गणित मांडणे शक्य झाले. पण ते गाव जवळजवळ सगळे गोऱ्या लोकांचे होते.

शिबिरात वापरलेला कॅल्क्युलेटर याच कुळातला, 2013 सालचा अमेरिकन कॅल्क्युलेटर होता. त्यात फ्रेमिंगहॅमबरोबर तिथल्या आणखी काही अभ्यासांची माहिती एकत्र केलेली आहे. त्याची समीकरणे दोनच समाजांसाठी बनली, गोऱ्यांसाठी आणि आफ्रिकन अमेरिकनांसाठी. वंश निवडायच्या रकान्यात तीन पर्याय येतात: गोरे, आफ्रिकन अमेरिकन आणि इतर. आपण 'इतर' वर बोट ठेवतो. पण 'इतर' साठी वेगळे गणित आत नाहीच. 'इतर' निवडले की तो गोऱ्यांचेच समीकरण लावतो.

म्हणजे दादांच्या 3.4 टक्क्यांचा खरा अर्थ असा: दादांचे वय, बीपी आणि कोलेस्टेरॉल असलेले अमेरिकेतले 100 गोरे पुरुष घेतले, तर 10 वर्षांत त्यांच्यातल्या साधारण तीन-चार जणांना हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होईल. हे विधान त्या शंभर जणांबद्दल आहे. दादा त्या शंभरात नव्हते. त्यांचे वडीलही नव्हते.

आपल्या लोकांवर तपासले तेव्हा काय दिसले?

ब्रिटनमध्ये 'यूके बायोबँक' नावाचा फार मोठा अभ्यास चालू आहे. त्यातली माहिती वापरून 2021 साली एक तपासणी प्रसिद्ध झाली. भारतीय उपखंडातून आलेल्या घराण्यांतले 8,124 लोक एका बाजूला आणि युरोपीय वंशाचे 4,49,349 लोक दुसऱ्या बाजूला. सुरुवातीला कोणालाच हृदयविकार नव्हता. सुमारे 11 वर्षांनी पाहिले, तेव्हा युरोपीय वंशाच्या लोकांपैकी 4.4 टक्क्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारखा आजार झाला होता आणि आपल्याकडच्यांपैकी 6.8 टक्क्यांना. वय वगैरेचा फरक हिशेबात घेतल्यावर आपल्या लोकांचा धोका दुपटीने जास्त निघाला.

आता कॅल्क्युलेटरने आधी काय सांगितले होते ते पाहा. वरचा अमेरिकन कॅल्क्युलेटर आणि ब्रिटनचा 'क्यूरिस्क-3' या दोघांनीही दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच धोका वर्तवला होता. प्रत्यक्षात एका गटात दुप्पट आजार झाला. क्यूरिस्कमध्ये तर भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी असे वेगळे रकानेही आहेत, आणि राहत्या भागाची गरिबी मोजण्याचीही सोय आहे. तरी त्याचा अंदाज तिथे कमी पडला.

दुसरी गोष्ट वयाची. 52 देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' नावाच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला हार्ट अटॅक येण्याचे मधले वय 53 वर्षे निघाले आणि इतर देशांत जवळपास 59. आपल्याकडे आजार पाच-सहा वर्षे आधी येतो. कॅल्क्युलेटरमध्ये मात्र सगळ्यात जास्त वजन वयालाच असते. माणूस तरुण असला की बाकीचे रिपोर्ट बिघडलेले असले तरी आकडा बऱ्याचदा खालीच राहतो.

हे आम्ही दादांच्याच रिपोर्टवर करून पाहिले. एकूण कोलेस्टेरॉल 210, चांगले कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल 36, वरचे बीपी 138, बीपीची गोळी नाही, मधुमेह नाही, धूम्रपान नाही, वय 44. आकडा 3.4. मग बाकी काहीही न बदलता फक्त वय 54 केले. आकडा 8.3 झाला. रिपोर्ट तोच, रक्त तेच. या कॅल्क्युलेटरच्या नियमाप्रमाणे 5 टक्क्यांखाली धोका कमी मानतात, आणि साडेसातच्या पुढे गेल्यावर कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल डॉक्टरांनी रुग्णाशी बोलायचे असते. म्हणजे आज जे रिपोर्ट पाहून दादांना घरी पाठवले, त्याच रिपोर्टवर 10 वर्षांनी उपचाराची चर्चा सुरू होईल. आपल्या माणसांना पहिला झटका येण्याचे वय साधारण त्याच सुमाराचे आहे.

न विचारलेले प्रश्न

मग वहिनींच्या तंबाखूकडे येऊ. दादांच्या माहितीत फक्त एक उत्तर बदलून 'धूम्रपान करतो' असे भरले, तर 3.4 चा आकडा एकदम 9.4 होतो. एवढे वजन त्या एका प्रश्नाला आहे. पण प्रश्न ओढण्याचा आहे. आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा खाण्याचे प्रमाण मोठे. तंबाखू-चुना, गुटखा, विदर्भात खर्रा, आणि कितीतरी घरांत आयाबहिणींची मशेरी. या सगळ्यांचे उत्तर कॅल्क्युलेटरमध्ये 'नाही' असेच भरले जाते. इंटरहार्ट अभ्यासात नुसता तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून जास्त दिसला होता. खाल्लेला तंबाखू ओढलेल्याइतकाच धरून 9.4 म्हणावे, असे आम्ही सांगत नाही, कारण ते समीकरण त्यासाठी बनलेले नाही. पण 3.4 हा आकडा त्याला विचारात न घेता आला, एवढे मात्र नक्की.

दुसरा न विचारलेला प्रश्न पोटाचा. दादा दिसायला जाड नाहीत. हात-पाय सडपातळ, पोट तेवढे सुटलेले. टेपने कंबर मोजली तर 98 सेंटीमीटर भरली. आपल्या लोकांसाठी पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटीमीटर ही मर्यादा मानतात. आपल्याकडे वजन फारसे नसतानाही चरबी पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. तिच्यामुळे साखर चढू लागते, चांगले कोलेस्टेरॉल घसरते आणि बीपी वाढते. दादांची उपाशीपोटी साखर 112 होती. ती 126 च्या खाली असल्याने मधुमेहाच्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर गेले, आणि ते बरोबरच होते. पण 100 च्या वर गेलेली साखर म्हणजे मधुमेहाच्या वाटेवरची साखर. कॅल्क्युलेटरला अशी मधली वाट माहीत नाही. त्याच्याकडे मधुमेह आहे किंवा नाही, एवढेच.

तिसरा प्रश्न घराण्याचा. वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत, आईला किंवा बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल तर ती धोका वाढवणारी गोष्ट आहे. दादांचे वडील 49 व्या वर्षी गेले. त्यासाठी रकानाच नाही.

बायकांसाठी आणखी दोन गोष्टी राहून जातात. गरोदरपणात बीपी फार वाढले होते का, आणि पाळी 40 च्या आत कायमची गेली का. ज्या बहिणीच्या बाळंतपणात असा त्रास झाला तिचा पुढचा हृदयविकाराचा धोका जास्त असतो. पण बाळंतपण पार पडले की तो कागद हरवतो आणि डॉक्टरांना कोणी सांगत नाही.

हे सगळे आमच्या मनचे नाही. 2018 साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनीच नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात त्यांनी 'धोका वाढवणाऱ्या बाबी' अशी यादी दिली. लवकर हृदयविकाराचे घराणे, पोट-साखर-बीपी-कोलेस्टेरॉल यांचा एकत्र बिघाड, बायकांच्या वरच्या दोन गोष्टी हे त्यात आहे. आणि दक्षिण आशियाई वंश हेही त्या यादीत आहे. म्हणजे ज्यांनी कॅल्क्युलेटर बनवला तेच सांगतात की आकडा आल्यावर थांबू नका, ही यादी समोर ठेवून पुन्हा विचार करा. अडचण एवढीच की कॅल्क्युलेटर मोबाईलमध्ये येतो आणि यादी पुस्तकात राहते.

मग दोष रक्ताचा आहे का?

इथे आपण सावध राहायला हवे. 'दक्षिण आशियाई वंशाला धोका जास्त' असे वाचले की 'आपले रक्तच तसे' असे म्हणायचा मोह होतो. माणसाचे भवितव्य त्याच्या जन्मावरून ठरवणारी भाषा आपण चांगली ओळखतो, तेव्हा ती वैद्यकातून आली तरी तपासूनच घ्यावी. वर सांगितलेल्या ब्रिटनमधल्या तपासणीत संशोधकांनी बीपी, साखर, पोटाचा घेर, राहणीमान अशा अनेक गोष्टींचा फरक हिशेबातून काढून पाहिला. तेव्हा दुप्पट असलेला धोका सुमारे दीडपटीच्या आसपास आला. म्हणजे फरकाचा मोठा भाग मोजता येणाऱ्या आणि बऱ्याच अंशी बदलता येणाऱ्या गोष्टींचा होता. उरलेल्या भागात जन्मजात गोष्टी असू शकतात. उदाहरणार्थ 'लिपोप्रोटीन-ए' नावाचा कोलेस्टेरॉलचा एक प्रकार मुख्यतः आईवडिलांकडून येतो, आणि घराण्यात तरुणपणी अटॅक आले असतील तर आयुष्यात एकदा तो तपासावा असे डॉक्टर सांगतात. पण कॅल्क्युलेटरने न मोजलेली प्रत्येक गोष्ट जन्मजातच असते असे नाही. न मोजलेल्यात तंबाखू आहे, रात्रपाळी आहे, अर्धवट सुटलेले उपचार आहेत, वस्तीचे जगणे आहे.

आणखी एक. यूके बायोबँकमधले आपले लोक स्वतःहून नाव नोंदवलेले, ब्रिटनमध्ये स्थिरावलेले होते. असे लोक सर्वसाधारण माणसांपेक्षा तब्येतीने बरे असतात. त्यांचा आकडाही वस्तीतल्या माणसाचा आकडा नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये जगाच्या 21 विभागांसाठी वेगवेगळे तक्ते काढले. त्यात दक्षिण आशियाचा स्वतंत्र तक्ता आहे आणि आपल्यासाठी तो अमेरिकन कॅल्क्युलेटरपेक्षा जास्त योग्य आहे. रक्ततपासणी नसेल तर वजन-उंचीवरून पाहायचाही एक तक्ता त्यांनी दिला आहे. शिबिरांत निदान तो तरी वापरावा, असे आमचे मत आहे. मात्र त्याचे मूळ गणितही बहुतांश श्रीमंत देशांतल्या अभ्यासांवर उभे आहे आणि नंतर आपल्या विभागाच्या सरासरीला जुळवलेले आहे. त्यातही प्रश्न धूम्रपानाचाच आहे, खाण्याच्या तंबाखूचा नाही.

आशाताईंचा कागद

गंमत अशी की दादांना जे मोबाईलने पकडले नाही ते आशाताईंच्या साध्या फॉर्मने पकडले. तिशीच्या पुढच्या प्रत्येकासाठी आशाताई घरोघरी एक तपासणी यादी भरतात. तिच्यात रक्ताचा एकही रिपोर्ट लागत नाही. दादांचा हिशेब आम्ही त्यांच्यासोबत बसून केला. वय चाळीस ते एकोणपन्नास, 2 गुण. तंबाखू रोज, 2 गुण. आणि त्या फॉर्ममध्ये ओढण्याबरोबर गुटखा-खैनीचेही नाव आहे. कंबर 91 ते 100 च्या मध्ये, 1 गुण. घराण्यात हृदयविकार, 2 गुण. एकूण 7. चारच्या वर गुण गेले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचे असते. हा फॉर्म 10 वर्षांचा धोका सांगत नाही. तो चाळणीसारखा आहे. पण ज्या देशात तो बनला त्या देशातली माणसे डोळ्यासमोर ठेवून बनला, म्हणून त्याने योग्य प्रश्न विचारले.

आमच्यातलेच काही जण म्हणाले, मग कॅल्क्युलेटर फेकून द्यावा. आम्हाला तसे वाटत नाही. बीपी कमी केले किंवा सिगारेट सोडली तर धोका किती उतरतो हे तो छान दाखवतो, आणि मोठा आकडा आला तर तो गंभीरपणे घ्यायलाच हवा. शिवाय घाबरून प्रत्येक आकडा स्वतःच दुप्पट-तिप्पट करणेही चुकीचे. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी 2021 मध्ये त्यांच्या स्वतःच्या कॅल्क्युलेटरसाठी भारतीयांचा आकडा 1.3 ने गुणायला सांगितले आहे. तो गुणाकार त्याच कॅल्क्युलेटरसाठी आहे, कोणत्याही आकड्याला लावण्यासाठी नाही. पोट, साखर आणि वंश या गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या असतात. प्रत्येकासाठी वेगळा गुणाकार केला तर एकच धोका तीनदा मोजला जाईल आणि नको त्याला गोळी सुरू होईल.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. कॅल्क्युलेटरचा आकडा ही आपल्यासाठी खालची पायरी समजावी. खरा धोका बहुधा तिच्या वर आहे. तो किती वर, हे ठरवायला डॉक्टरांना पाच गोष्टी आपणहून सांगाव्यात: तंबाखू कुठल्याही रूपात घेतो का, कंबर किती, उपाशीपोटी साखर किती, घरात कोणाला कितव्या वर्षी अटॅक किंवा लकवा आला, आणि बाळंतपणात बीपीचा त्रास झाला होता का. पुढच्या शिबिरापासून आमच्या विहारात प्रत्येकाच्या कार्डावर या पाच ओळी छापलेल्या असतील. कंबर मोजायला लागणारा टेप शिंपीदादांकडे आहेच.

आणखी दोन गोष्टी लक्षात असू द्या. ज्यांना आधीच अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला आहे त्यांच्यासाठी हा कॅल्क्युलेटर नाहीच. त्यांना औषध चालूच ठेवायचे असते. चाळिशीपुढच्या मधुमेही माणसानेही कमी आकडा पाहून कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आणि छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम असे काही झाले तर 10 वर्षांचा आकडा विसरा. तो पुढच्या 10 वर्षांचा अंदाज आहे, आत्ताच्या दुखण्याचा नाही. 3.4 टक्केवाल्यानेही त्या वेळी तडक दवाखान्यात जाऊन ईसीजी काढायचा.

ग्रंथात आहे म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानू नका, तपासून घ्या, ही शिकवण आपण विहारात दर रविवारी ऐकतो. मोबाईलवरचा आकडाही त्याला अपवाद नाही. दादा पुढच्या आठवड्यात पुन्हा डॉक्टरांकडे गेले, या वेळी वहिनींना आणि आशाताईंचा कागद सोबत घेऊन. डॉक्टरांनी तो कागद शांतपणे वाचला. तंबाखू सोडायला एक तारीख ठरवून दिली, बीपी महिनाभर लिहून ठेवायला सांगितले, तीन महिन्यांनी साखर आणि कोलेस्टेरॉल पुन्हा तपासू आणि मग गोळीचे ठरवू असे म्हणाले. आकडा आजही 3.4 च आहे. पण 'काळजीचे कारण नाही' हे वाक्य त्यांनी या वेळी उच्चारले नाही.